डेन्स की स्पार्स? इंडेक्सचा आकार आणि पातळ्या मोजताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीबीएमएसच्या पेपराआधी आणि गेटच्या तयारीत इंडेक्सबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तरात नवी फाइल घेतली की आकड्यांची तुलना करता येत नाही, म्हणून बहुतेक उत्तरांत एकच फाइल वापरली आहे: ३,००,००० विद्यार्थ्यांचे रेकॉर्ड, प्रत्येक रेकॉर्ड ठरावीक १५० बाइटचा, डिस्कचा ब्लॉक ४०९६ बाइटचा. फाइल बैठक क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावलेली आहे. बैठक क्रमांक १० बाइट घेतो, ब्लॉकचा पॉइंटर ६ बाइट.

१. डेन्स आणि स्पार्स इंडेक्समध्ये नेमका फरक काय?

डेन्स इंडेक्समध्ये फाइलमधल्या प्रत्येक की-व्हॅल्यूची नोंद असते. स्पार्समध्ये काहींचीच असते, आणि सहसा दर ब्लॉकमागे एक, म्हणजे त्या ब्लॉकमधल्या पहिल्या रेकॉर्डची. या पहिल्या रेकॉर्डला ब्लॉकचा अँकर म्हणतात.

छापील शब्दकोश हातात घ्या. पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्या पानावरचा पहिला शब्द छापलेला असतो. ते कोपऱ्यातले शब्द म्हणजे स्पार्स इंडेक्स: पान कोणतं ते कळतं, शब्द पानावर उतरून शोधावा लागतो. एखाद्या ग्रंथाच्या शेवटी असलेली नामसूची मात्र डेन्स असते, कारण तिच्यात प्रत्येक नाव असतं. शब्दकोशाला कोपऱ्यातले शब्द पुरतात ते शब्द अकारविल्हे लावलेले आहेत म्हणूनच. ग्रंथातली नावं कुठेही विखुरलेली असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. प्रश्न ८ चं उत्तर याच फरकातून निघतं.

२. ज्या रेकॉर्डची इंडेक्समध्ये नोंदच नाही, तो स्पार्स इंडेक्सने सापडतो कसा?

शोधायच्या कीपेक्षा लहान किंवा तिच्याइतके जे अँकर आहेत, त्यांतला सर्वांत मोठा घ्यायचा आणि त्याच ब्लॉकमध्ये शिरायचं. समजा एका ब्लॉकमध्ये २७ रेकॉर्ड बसतात (का, ते प्रश्न ३ मध्ये) आणि बैठक क्रमांक सलग आहेत. मग इंडेक्सची सुरुवात अशी दिसेल:

```
100001 -> ब्लॉक 1
100028 -> ब्लॉक 2
100055 -> ब्लॉक 3
100082 -> ब्लॉक 4
```

१०००४० हवा आहे. त्याच्याहून मोठे नसलेले अँकर १००००१ आणि १०००२८. त्यांतला मोठा १०००२८, म्हणून ब्लॉक २. रेकॉर्ड असेल तर तिथेच असेल. तिथे नसेल, तर फाइलमध्येच नाही.

प्रोग्रॅम लिहिताना इथे एक ठरलेली चूक होते. बायनरी सर्चचं तयार फंक्शन बरेचदा «इतका किंवा यापेक्षा मोठा असा पहिला» देतं. ते तसंच वापरलं तर १०००४० साठी ब्लॉक ३ उघडतो आणि «सापडला नाही» असं उत्तर येतं. गंमत अशी की १०००२८ शोधला तर तो बरोबर सापडतो, कारण तो स्वतःच अँकर आहे. त्यामुळे चाचणीत एखादा अँकर वापरला गेला तर चूक लपून राहते. प्रत्येक ब्लॉकमधला पहिला रेकॉर्ड सापडतोय आणि उरलेले सव्वीस सापडत नाहीत असं दिसलं, की दोष इथेच आहे.

३. ब्लॉकिंग फॅक्टर काढताना अपूर्णांक का सोडून द्यायचा? एकूण बाइटना ब्लॉकच्या आकाराने थेट भागलं तर काय बिघडतं?

एका ब्लॉकमध्ये किती पूर्ण रेकॉर्ड बसतात, तो ब्लॉकिंग फॅक्टर. रेकॉर्ड दोन ब्लॉकांत तोडायचा नाही असं ठरलं असेल (याला अनस्पॅन्ड म्हणतात, आणि प्रश्नात वेगळं काही सांगितलं नसेल तर हेच धरायचं), तर अर्धा रेकॉर्ड ठेवता येत नाही:

```
bfr = ⌊4096 / 150⌋ = ⌊27.3⌋ = 27
ब्लॉक = ⌈300000 / 27⌉ = 11112
```

प्रत्येक ब्लॉकमध्ये ४०९६ − ४०५० = ४६ बाइट रिकामे राहतात. शेवटच्या ब्लॉकमध्ये तर तीनच रेकॉर्ड आहेत, कारण ११,१११ ब्लॉकांत २,९९,९९७ बसून जातात. तीन रेकॉर्डसाठीही आख्खा ब्लॉक लागतो, म्हणून दुसऱ्या ओळीत वर पूर्णांक करायचा. एका ब्लॉकमध्ये किती बसतं हे मोजताना खाली, किती ब्लॉक लागतात हे मोजताना वर. या दोन दिशांची अदलाबदल झाली की पुढचं सगळं गणित घसरतं.

थेट भागाकार केला तर ४,५०,००,००० ÷ ४०९६ म्हणजे १०,९८७ ब्लॉक येतात. १२५ ब्लॉक कमी. हे उत्तर स्पॅन्ड फाइलचं आहे, जिथे रेकॉर्ड एका ब्लॉकमधून दुसऱ्यात ओघळू दिला जातो. परीक्षेत पर्याय ब आणि क मध्ये हेच दोन आकडे शेजारी बसलेले सापडतील.

ब्लॉकला हेडर आहे असं प्रश्नात म्हटलं असेल, तर तो भागाकाराच्या आधी वजा करायचा. ९६ बाइटचा हेडर असेल तर उरतात ४०००, ब्लॉकिंग फॅक्टर २६ आणि ब्लॉक ११,५३९.

४. या फाइलवर बैठक क्रमांकाचा स्पार्स इंडेक्स किती मोठा होईल? पूर्ण गणित दाखवा.

इंडेक्स हीसुद्धा एक फाइलच आहे. तिचे रेकॉर्ड लहान असतात एवढंच. एका नोंदीत की आणि पॉइंटर, म्हणजे १० + ६ = १६ बाइट. आणि स्पार्स असल्याने नोंदी डेटाच्या ब्लॉकांइतक्या.

```
इंडेक्सचा bfr = ⌊4096 / 16⌋ = 256
नोंदी         = 11112
पातळी 1       = ⌈11112 / 256⌉ = 44 ब्लॉक
पातळी 2       = ⌈44 / 256⌉ = 1 ब्लॉक
एकूण          = 45 ब्लॉक
```

४५ ब्लॉक म्हणजे १८० केबी. डेटाची फाइल ४३ एमबीच्या वर आहे हे लक्षात घेतलं तर हा खर्च किरकोळ आहे. हा इंडेक्स सबंध मेमरीत ठेवून विसरून जाता येतो.

आता एका शोधाला किती ब्लॉक वाचावे लागतात ते बघू. इंडेक्स नसेल तर क्रमाने लावलेल्या डेटा फाइलवर बायनरी सर्च करून १४ (दोनाचा तेरावा घात ८१९२, तो पुरत नाही; चौदावा १६,३८४). फक्त पहिल्या पातळीवर बायनरी सर्च केली तर इंडेक्सचे ६ आणि डेटाचा १, एकूण ७. दोन्ही पातळ्या वापरल्या तर २ + १ = ३. शेवटचा तो +१, म्हणजे डेटाचा ब्लॉक, विसरल्यामुळे जितके गुण जातात तितके बाकी कशानेच जात नसतील.

५. त्याच फाइलवर डेन्स इंडेक्स केला तर?

नोंदींची संख्या तेवढी बदलते. ११,११२ च्या जागी ३,००,०००:

```
पातळी 1 = ⌈300000 / 256⌉ = 1172
पातळी 2 = ⌈1172 / 256⌉   = 5
पातळी 3 = ⌈5 / 256⌉      = 1
एकूण    = 1178 ब्लॉक, एक शोध = 3 + 1 = 4
```

साधारण ४.६ एमबी. स्पार्सच्या सुमारे २६ पट. हा आकडा कुठून आला ते ओळखीचं वाटेल: डेटाचा ब्लॉकिंग फॅक्टर २७ आहे, म्हणजे स्पार्समधल्या एका नोंदीच्या जागी डेन्समध्ये जवळपास २७ नोंदी येतात. त्यामुळे दोन्हींच्या आकारातला फरक इंडेक्समुळे ठरतच नाही, तो डेटाच्या रेकॉर्डच्या लांबीवर ठरतो. रेकॉर्ड १५० ऐवजी २५०० बाइटचा असता, तर एका ब्लॉकमध्ये एकच बसला असता, ब्लॉकिंग फॅक्टर १ झाला असता, आणि स्पार्स नि डेन्स अगदी सारख्याच आकाराचे झाले असते.

६. मल्टिलेव्हल इंडेक्समध्ये पातळ्या वाढवत कुठपर्यंत जायचं? आणि पहिली पातळी डेन्स असली तर वरच्याही डेन्स का नसतात?

एक ब्लॉक उरला की थांबायचं. त्या ब्लॉकच्या वर पातळी केली तर तिच्यात एकच नोंद असेल, आणि कुठे जायचं हे आधीच ठाऊक असताना ती विचारण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की पहिल्या पातळीची फाइल ही कीच्या क्रमाने लावलेली असतेच. डेटा कसाही पडलेला असो, इंडेक्स क्रमाने असतो. आणि जी फाइल क्रमाने लावलेली आहे तिच्यावर स्पार्स इंडेक्स चालतो. मग डेन्स करायचं कारणच राहत नाही. उलट दुसरी पातळी डेन्स केली तर ती पहिलीइतकीच, ११७२ ब्लॉकांची होईल, तिसरीही तेवढीच, आणि एका ब्लॉकपर्यंत आपण कधी पोचणारच नाही. आकार आकुंचन पावतो तो स्पार्सपणामुळे. म्हणून डेन्स की स्पार्स ही निवड फक्त सर्वांत खालच्या पातळीची आहे.

७. पातळ्यांची संख्या लॉगच्या सूत्राने थेट काढता येते का? आमचं उत्तर एकाने चुकतं.

येते. सूत्र असं:

```
t = ⌈ log_fo (r1) ⌉
```

`fo` म्हणजे फॅन-आउट, अर्थात इंडेक्सचा ब्लॉकिंग फॅक्टर, आपल्याकडे २५६. `r1` म्हणजे पहिल्या पातळीतल्या नोंदी. एकाने चुकण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं की `r1` च्या जागी पहिल्या पातळीचे ब्लॉक घातले जातात. स्पार्ससाठी ११,११२ घातले तर १.६८, म्हणजे २ पातळ्या. बरोबर. ४४ घातले तर ०.६८, म्हणजे १. चूक, कारण आता पहिली पातळी मोजणीतून गळाली.

दुसरी खोच सीमारेषेवर आहे. ६५,५३६ नोंदींना दोन पातळ्या पुरतात, कारण २५६ × २५६ तेवढेच होतात. ६५,५३७ झाल्या की तिसरी लागते. अशा ठिकाणी कॅल्क्युलेटर किंवा प्रोग्रॅम लॉगचं उत्तर २ ऐवजी २.०००००००१ देऊ शकतो आणि वर पूर्णांक केल्यावर ३ येतं. लॉगपेक्षा पुन्हा पुन्हा भागत जाणं (प्रश्न ४ आणि ५ मध्ये केलं तसं) सुरक्षित. दोन-तीन भागाकारांचं तर काम आहे.

८. मोबाइल नंबरवर शोधायचं आहे. तिथेही स्पार्स का नाही करता येत, जागा वाचेल ना?

फाइल बैठक क्रमांकाने लावलेली आहे. मोबाइल नंबर त्या क्रमात कसेही पडलेले आहेत. एखाद्या ब्लॉकच्या पहिल्या रेकॉर्डचा नंबर ९८२२ ने सुरू होतो आणि पुढच्या ब्लॉकचा ९८५० ने, म्हणून ९८३३ ने सुरू होणारा नंबर त्या दोनांच्या मध्ये असेल असं मुळीच नाही. प्रश्न २ मधला «असेल तर इथेच» हा निष्कर्ष इथे कोसळतो. जी नोंद इंडेक्समध्ये नाही तो रेकॉर्ड शोधायला मग सगळी फाइल पालथी घालावी लागेल. म्हणून फाइलचा क्रम ज्या फील्डवर नाही त्यावरचा इंडेक्स, म्हणजे सेकंडरी इंडेक्स, डेन्सच असावा लागतो.

फाइल एका वेळी एकाच क्रमाने लावता येते. त्यामुळे स्पार्स इंडेक्स एका फाइलवर एकच, डेन्स हवे तेवढे.

परीक्षेत हे सरळ विचारत नाहीत. २००८ च्या गेटमध्ये १६,३८४ रेकॉर्ड, ३२ बाइटचा रेकॉर्ड, १०२४ चा ब्लॉक, ६ बाइटची की आणि १० बाइटचा पॉइंटर दिला होता. फाइल की नसलेल्या फील्डच्या क्रमाने लावलेली आहे आणि इंडेक्स कीवर हवा आहे हेही सांगितलं होतं, आणि सगळी मेख त्या शब्दांत होती. कीवर क्रम नाही म्हणून डेन्स: १६ बाइटची नोंद, ब्लॉकमध्ये ६४, पहिल्या पातळीला २५६ ब्लॉक, दुसरीला ४. ज्यांनी सवयीने डेटाचे ब्लॉक मोजून स्पार्स केला त्यांना ५१२ नोंदी आणि ८ ब्लॉक मिळाले. तिथे ३२ बाइटची रेकॉर्ड-लांबी वापरायचीच नव्हती, ती भुलवण्यासाठी दिली होती.

९. पॉइंटर कधी ६ तर कधी ७ बाइट का धरतात?

ब्लॉक पॉइंटर फक्त ब्लॉक सांगतो. रेकॉर्ड पॉइंटर ब्लॉक आणि त्यातली जागा दोन्ही सांगतो, म्हणून तो थोडा मोठा असतो. डेन्स इंडेक्समध्ये रेकॉर्ड पॉइंटर वापरायचा असेल आणि तो ७ बाइटचा असेल, तर आपली नोंद १७ बाइटची होते, ब्लॉकमध्ये २४० बसतात आणि पहिली पातळी बरोबर १२५० ब्लॉकांची होते.

आता खाचखळगा. दुसऱ्या पातळीच्या नोंदी रेकॉर्डकडे बोट दाखवत नाहीत, पहिल्या पातळीच्या ब्लॉकांकडे दाखवतात. तिथे पुन्हा ६ बाइटचा पॉइंटर, १६ बाइटची नोंद आणि फॅन-आउट २५६. म्हणजे २४० हा आकडा सर्वांत खाली एकदाच वापरायचा. इथल्या आकड्यांत २४० ने भागलं काय किंवा २५६ ने, दुसरी पातळी ६ किंवा ५ ब्लॉकांची होऊन वर एकच ब्लॉक येतो, त्यामुळे पातळ्यांचं उत्तर बिघडत नाही. एकूण ब्लॉकांचं मात्र बिघडतं: खरं उत्तर १२५६, चुकीचं १२५७.

१०. फाइल कॉलेज-कोडने लावली आहे आणि एका कोडचे शेकडो रेकॉर्ड आहेत. इथला इंडेक्स डेन्स म्हणायचा की स्पार्स?

या प्रश्नावर वाद होतात, कारण व्याख्या दोन चालतात. «प्रत्येक रेकॉर्डला नोंद» असं डेन्सचं लक्षण मानलं तर हा इंडेक्स स्पार्स. «प्रत्येक वेगळ्या व्हॅल्यूला नोंद» असं मानलं तर डेन्स. आपल्या अभ्यासक्रमात कोणती व्याख्या आहे ते बघून लिहा. आकाराचं गणित दोन्हींत एकच येतं. नाव वापरायचंच असेल तर क्लस्टरिंग इंडेक्स म्हणा, त्यावर कोणी हरकत घेणार नाही.

गणित: समजा ६०० कॉलेजं, कोड ४ बाइट. नोंद १० बाइट, ब्लॉकमध्ये ४०९. सहाशे नोंदींना २ ब्लॉक, वर १. झालं. प्रत्येक नोंद त्या कॉलेजचा पहिला रेकॉर्ड ज्या ब्लॉकमध्ये आहे तिथे नेते, पुढचे ब्लॉक क्रमाने वाचत जायचं.

त्याऐवजी कोणी प्रश्न १ सारखा दर ब्लॉकमागे एक अँकर ठेवला, तर नोंदी ११,११२ होतात आणि एक नवीच अडचण उभी राहते. एका कॉलेजचे सरासरी ५०० रेकॉर्ड म्हणजे १८-१९ ब्लॉक, तेव्हा एकच कोड लागोपाठ अठरा अँकरांवर दिसतो. बायनरी सर्च त्यांतल्या कुठल्याही एकावर जाऊन बसेल. तिथून त्या कोडच्या पहिल्या अँकरपर्यंत मागे यायचं, आणि मग आणखी एक ब्लॉक मागे जायचं. कारण कॉलेजचे पहिले काही रेकॉर्ड आधीच्या ब्लॉकच्या शेपटीला असू शकतात, जिथे अँकर मागच्या कॉलेजचा आहे. हा एक ब्लॉक राहिला तर काही कॉलेजांचे थोडेसे विद्यार्थी यादीतून गळतात. सगळे गळत नाहीत, म्हणून चूक महिनोन्महिने ध्यानात येत नाही. `COUNT` जुळवून पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

११. स्पार्स इतका लहान असताना डेन्स वापरायचाच कशाला?

सेकंडरी इंडेक्ससाठी पर्यायच नसतो, ते प्रश्न ८ मध्ये आलं. पण क्रमाच्या फील्डवरही डेन्सला जागा आहे.

पुस्तकी कारण असं सांगतात, की रेकॉर्ड आहे का नाही एवढंच हवं असेल तर डेन्स इंडेक्स डेटाला हात न लावता उत्तर देतो. खरं आहे, पण आपल्या आकड्यांत त्याने काही वाचत नाही: डेन्सचे ३ ब्लॉक, स्पार्सचे २ आणि डेटाचा १, दोन्हीकडे तीनच. आमच्या मते डेन्सचा खरा फायदा टापूच्या प्रश्नांत आहे. अमुक ते तमुक बैठक क्रमांकांत किती विद्यार्थी, असं विचारलं आणि त्या टापूत १०,००० रेकॉर्ड निघाले, तर डेन्समध्ये खालच्या पातळीचे चाळीसेक ब्लॉक वाचून भागतं. स्पार्सला डेटाचे सुमारे ३७१ ब्लॉक वाचावे लागतात, कारण मोजायच्या गोष्टी तिथेच आहेत.

१२. नवीन रेकॉर्ड आला किंवा एखादा काढला, तर इंडेक्सचं काय होतं?

डेन्समध्ये प्रत्येक वेळी नोंद घालावी किंवा काढावी लागते. स्पार्समध्ये बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. अँकरचाच रेकॉर्ड, समजा १०००२८, काढून टाकला तरी इंडेक्समधला १०००२८ तसाच राहिला तर बिघडत नाही. तो आता रेकॉर्ड राहिला नाही, सीमेचा दगड झाला, आणि १०००४० शोधताना तो तितकंच अचूक काम करतो.

अडचण येते ती ब्लॉक भरलेला असताना. सत्तावीस रेकॉर्ड आहेत आणि अठ्ठाविसावा त्याच मधल्या जागी यायचा आहे. दोन वाटा आहेत. एक, ओव्हरफ्लो ब्लॉक जोडायचा. इंडेक्सला हात लागत नाही, पण त्या साखळीतल्या प्रत्येक कडीमागे शोधाला एक वाचन वाढतं. आयबीएमच्या आयसॅममध्ये वरच्या पातळ्या अशाच एकदा बांधून स्थिर ठेवल्या जात, आणि साखळ्या वाढल्या की फाइल नव्याने लावून घ्यावी लागे. एरवी तीन वाचनांत होणारा शोध ठरावीक टापूतच मंदावला, तर तिथे साखळी लांबली आहे असं समजावं.

दुसरी वाट म्हणजे ब्लॉक दुभागायचा आणि नव्या अर्ध्याची नोंद वरच्या पातळीत घालायची, ती भरली असेल तर तीही दुभागायची. हीच बी-ट्रीची कल्पना, जी बायर आणि मॅक्रेट यांनी बोइंगमध्ये १९७० च्या सुमारास मांडली. त्याची किंमत अशी, की दुभागलेले ब्लॉक अर्धे रिकामे असतात. रेकॉर्ड यादृच्छिक क्रमाने येत राहिले तर ब्लॉक सरासरी ६९ टक्के भरलेले राहतात. २५६ ऐवजी १७६ धरून प्रश्न ५ पुन्हा सोडवला तर १७०५, १० आणि १ ब्लॉक येतात. आकार जवळपास दीडपट, पातळ्या मात्र तीनच.

१३. पोस्टग्रेसमध्ये खरा इंडेक्स बनवून पाहिला, तर गणिताच्या दुप्पट पानं निघाली. चूक कुठे?

गणितात नाही, गृहीत धरलेल्या नोंदीच्या लांबीत. हे कोणालाही आपल्या मशीनवर पडताळता येईल:

```
pgbench -i -s 1 test
psql test -c "SELECT relname, relpages FROM pg_class
  WHERE relname LIKE 'pgbench_accounts%'"
```

एक लाख रेकॉर्डच्या `pgbench_accounts` ला १६४० पानं दिसतात आणि तिच्या `pgbench_accounts_pkey` ला २७६. पान ८१९२ बाइटचं. की ४ बाइट, पॉइंटर ६, असं धरून कागदावर मोजलं तर पानात ८१९ नोंदी आणि १२३ पानं यायला हवीत.

प्रत्यक्षात नोंदीला ८ बाइटचा हेडर असतो (६ बाइटचा पॉइंटर त्यातच आला), ४ बाइटची की आठच्या पटीत बसवण्यासाठी ८ होते, आणि पानाच्या सुरुवातीला प्रत्येक नोंदीमागे ४ बाइटचा लाइन पॉइंटर असतो. झाले २० बाइट. पानातून हेडरचे २४ आणि बी-ट्रीच्या नोंदवहीचे १६ वजा होतात, शिवाय खालच्या पातळीचं पान ९० टक्केच भरायचं असा फिलफॅक्टर आधीपासून ठरलेला आहे:

```
⌊(8192 - 819 - 24 - 16) / 20⌋ = 366
⌈100000 / 366⌉ = 274
274 + 1 रूट + 1 मेटापान = 276
```

डेटाचं गणितही असंच जुळतं. रेकॉर्डमध्ये तीन पूर्णांक आणि एक `char(84)`; हेडर धरून १२१ बाइट, आठच्या पटीत १२८, लाइन पॉइंटरसह १३२. (८१९२ − २४) ÷ १३२ म्हणजे ६१, आणि एक लाख भागिले ६१ वर पूर्णांक केले की १६४०. ब्लॉकिंग फॅक्टरचं सूत्र तेच आहे, फक्त त्यात खऱ्या लांब्या घालाव्या लागतात.

पातळ्या पाहायच्या असतील तर `pageinspect` एक्स्टेन्शन घालून `bt_metap('pgbench_accounts_pkey')` चालवा. `level` मध्ये १ दिसेल. मोजणी खालून शून्यापासून आहे, म्हणजे पातळ्या दोन.

१४. सगळे डेटाबेस बी-ट्रीच वापरतात, मग स्पार्स इंडेक्स आता फक्त पुस्तकात उरला का?

नाही. आधी, बी-प्लस ट्रीच्या आतल्या पातळ्या स्पार्सच आहेत (प्रश्न ६). मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये तर प्रायमरी कीच्या झाडाच्या पानांत रेकॉर्डच ठेवलेले असतात, त्यामुळे तो आख्खा इंडेक्स डेटावर बसलेला मल्टिलेव्हल स्पार्स इंडेक्स आहे असं म्हणायला हरकत नाही.

उघड स्पार्स वापरणाऱ्याही सिस्टीम आहेत. क्लिकहाउस सहसा दर ८१९२ ओळींमागे एक नोंद ठेवतो, म्हणजे आपल्या तीन लाख ओळींना ३७ खुणा पुरतात. काफ्काच्या लॉगला साधारण दर ४०९६ बाइटमागे एक नोंद असते. `index.interval.bytes` हे सेटिंग त्याचंच. दोन्हीकडे डेटा क्रमानेच लिहिला जातो, म्हणून जमतं.

पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून ब्रिन आहे. तो दर १२८ पानांच्या गठ्ठ्यामागे फक्त सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी व्हॅल्यू ठेवतो. क्रम नसलेल्या फील्डवरही तो बनवता येतो, तक्रार करत नाही, आणि उत्तरही चुकवत नाही. फक्त प्रत्येक गठ्ठ्याची लहान-मोठी व्हॅल्यू जवळजवळ सारखीच निघते, कोणताच गठ्ठा वगळता येत नाही आणि सगळी फाइल वाचली जाते. मोबाइल नंबरवर ब्रिन केला तर नेमकं हेच होईल. बनवण्याआधी `pg_stats` मधला `correlation` बघा: १ किंवा −१ च्या जवळ असेल तर ब्रिन चालेल, शून्याच्या जवळ असेल तर साधा बी-ट्रीच बरा.